पडद्यावरच्या भांड्यातही लिटरभर मावायला हवं

मिक्सर घरी येण्याआधी त्याचं चित्र येतं. ऑनलाइन दुकानात, सणासुदीच्या जाहिरातीत, खोक्यावर आणि आतल्या माहितीपुस्तिकेत तेच चित्र दिसतं: पांढऱ्या पार्श्वभूमीवर उभा मिक्सर, शेजारी स्टीलची तीन भांडी, पुढे फिरवायचं बटण, मागून वळत आलेली वायर. हे चित्र कॅमेऱ्यानं काढलेलं असेलच असं नाही. अनेकदा तो मिक्सर फक्त संगणकात घडवलेला असतो. आधी त्याचा त्रिमितीय आकार मापानं उभारतात, त्यावर स्टील, प्लॅस्टिक, रबर यांचे गुणधर्म चढवतात, आभासी दिवे लावतात आणि प्रकाशाचे किरण कुठून कुठे परावर्तित होतील याचा हिशेब संगणकाकडून करून घेतात. या हिशेबातून तयार होणाऱ्या चित्राला रेंडर म्हणतात. स्वीडनच्या आयकिया कंपनीनं 2006 मध्ये बर्टिल नावाच्या लाकडी खुर्चीचं असं चित्र आपल्या कॅटलॉगसाठी वापरलं. त्यानंतर फर्निचरपासून स्वयंपाकघरातल्या उपकरणांपर्यंत ही पद्धत सर्वत्र रुजली.

मिक्सरचा रेंडर करणारे बहुतेक जण चकाकीवर खूप मेहनत घेतात. स्टील लखलखतं, प्लॅस्टिकवर सुरेख उजेड पडतो आणि तरीही रोज मिक्सर वापरणाऱ्या माणसाला चित्रात काहीतरी खटकतं. ते बहुधा रचनेत असतं. भांडं बैठकीवर बसूच शकणार नाही असं असतं, पाती उलट्या धारेची असतात, बटण दोन आकड्यांच्या मधेच थांबलेलं असतं, वायर ओट्यापासून किंचित वर तरंगत असते. मिक्सर हे चालणारं यंत्र आहे. चित्रातला प्रत्येक भाग आपलं काम करू शकेल असा असला, तरच ते चित्र खरं वाटतं. म्हणून इथे एकच मिक्सर घेऊ आणि त्याचं भांडं, पाती, बटण आणि वायर कशी घडवायची, तपासायची कशी, हे क्रमानं पाहू. नमुना आपल्याकडच्या घरोघरी असतो तसाच: 750 वॉटचा, तीन भांड्यांचा. काम ब्लेंडर या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं आहे. दुसऱ्या कुठल्याही त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये बटणांची नावं बदलतील, पद्धत तीच राहील.

आधी माप, मग माउस

पहिलं काम संगणकाबाहेरचं आहे. मिक्सर समोर ठेवून त्याची मापं घ्यायची. बटणाचा व्यास, वायरची जाडी, पात्यांचा पत्रा, भांड्याची वळवलेली कड यांसाठी व्हर्नियर कॅलिपर हवा. भांड्याचा घेर दोऱ्यानं मोजून त्याला 3.14 नं भागलं की बाहेरचा व्यास मिळतो. सॉफ्टवेअरमध्ये एकक मिलिमीटर ठेवून हीच मापं भरायची. अंदाजानं आकार काढून शेवटी सगळं लहानमोठं करायचं ठरवलं, तर एक माप जुळवताना दुसरं बिघडतं.

मापांबरोबर समोरून, बाजूनं आणि वरून असे फोटोही लागतात. ते पडद्यावर मागे ठेवून त्यावर आकार गिरवला जातो. इथे एक फसगत ठरलेली आहे. मिक्सरच्या बैठकीची खोली 20 सेंटिमीटर धरली आणि फोटो तिच्या पुढच्या कडेपासून अर्ध्या मीटरवरून काढला, तर मागची कड 70 सेंटिमीटरवर पडते. म्हणजे पुढचा भाग मागच्याच्या 1.4 पट मोठा दिसतो. अशा फोटोवरून गिरवलेला मिक्सर पुढे फुगलेला होतो. तोच फोटो 3 मीटर मागे जाऊन, झूम करून काढला तर हा फरक सुमारे 7 टक्क्यांवर येतो. फोटोवरून बाह्यरेषेचं वळण घ्यावं आणि आकडे मात्र कॅलिपरचेच वापरावेत.

भांडं: अर्धी रेषा आणि पूर्ण हिशेब

मिक्सरच्या स्टीलच्या भांड्याचा मुख्य भाग गोल असतो, म्हणून तो अख्खा काढावाच लागत नाही. भांडं मधोमध उभं कापलं तर त्याच्या एका बाजूची जी रेषा दिसेल, तेवढीच काढायची: तळ, तळाची गोलाई, वर रुंद होत जाणारी भिंत आणि तोंडाशी वळवलेली कड. ही रेषा मधल्या अक्षाभोवती 360 अंशांत फिरवली की भांडं तयार होतं. ब्लेंडरमधला स्क्रू मॉडिफायर हेच करतो. रेषेला पत्र्याची जाडी द्यायला विसरू नये. जाडी एक मिलिमीटरहून कमीच असते, पण ती नसेल तर भांड्याचं तोंड कागदासारखं दिसतं. तोंडाची कड बाहेर वळवलेली असते, कारण उघडा पत्रा हात कापेल आणि झाकणही त्यावर नीट बसणार नाही. या वळणावर प्रकाशाची एक बारीक अखंड रेघ उमटते आणि तिच्यामुळे नजरेला भांड्याचं तोंड कळतं.

आता हिशेब. आपल्या नमुन्यातलं मधलं भांडं, ज्यात आपण इडलीचं पीठ किंवा वाटण करतो, ते एक लिटरचं आहे. आतला व्यास तोंडाशी 13 सेंटिमीटर, तळाशी 10.5 सेंटिमीटर. खाली अरुंद आणि वर रुंद अशा गोल आकाराचं घनफळ शाळेतल्या सूत्रानं काढता येतं:

```
V = (π × h / 3) × (R² + R × r + r²)
```

R म्हणजे तोंडाची त्रिज्या, 6.5 सेंटिमीटर. r म्हणजे तळाची त्रिज्या, 5.25 सेंटिमीटर. कंसातली बेरीज 103.94 येते. तिला पायनं गुणून तीननं भागलं की 108.8 मिळतात. म्हणजे भांड्याच्या दर सेंटिमीटर उंचीमागे सरासरी 108.8 मिलिलिटर मावतं. काठोकाठ एक लिटर मावायला आतली उंची सुमारे 9.2 सेंटिमीटर हवी. फोटोत भांडं ऐटदार दिसावं म्हणून कुणी ती 12 सेंटिमीटर केली, तर त्यात 1.3 लिटर मावेल. चित्राखाली मात्र एक लिटर लिहिलेलं असेल. गिऱ्हाईक तसा हिशेब मांडत बसणार नाही, पण घरी आलेलं भांडं चित्राहून बुटकं निघालं हे त्याच्या लगेच लक्षात येईल. ई-कॉमर्ससाठी 2020 साली आलेल्या ग्राहक संरक्षण नियमांत विक्रेत्याची जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष गुणधर्मांशी जुळणारी असावी, अशी अपेक्षा आहे. रेंडरमधल्या भांड्याची उंची हा त्यामुळे केवळ चित्रकाराच्या आवडीचा प्रश्न उरत नाही.

याहून मोठी चूक तीन भांड्यांच्या नात्यात होते. एक भांडं नीट जमलं की त्याचीच प्रत काढून ती लहान करायची आणि तिला चटणीचं भांडं म्हणायचं, हा सोपा मार्ग वाटतो. एक लिटरचं भांडं 0.4 लिटरचं करायचं तर प्रत्येक माप सुमारे 0.74 पट करावं लागतं. त्याबरोबर भांड्याखालचं प्लॅस्टिकचं कडंही तेवढंच आक्रसतं आणि मग ते बैठकीवर बसूच शकत नाही. तिन्ही भांडी त्याच एका बैठकीवर, त्याच कपलरवर बसायची असतात. त्यामुळे वरचा स्टीलचा भाग कितीही लहानमोठा असला तरी खालचं कडं, त्याचे अडकवायचे कान आणि मधला कपलर तिन्हींत एकाच मापाचा असतो. चटणीच्या छोट्या भांड्याचं बूड त्याच्या अंगाच्या मानानं रुंद दिसतं, ते याचमुळे. रेंडरमध्ये हे कडं एकदाच घडवावं आणि तिन्ही भांड्यांना तेच जोडावं.

मोठ्या भांड्याच्या भिंतीवर आतल्या बाजूला उभे उंचवटे असतात. पातळ पदार्थ पात्यांबरोबर नुसताच गोल फिरत राहू नये, अडखळून पुन्हा पात्यांकडे यावा म्हणून ते दिलेले असतात. पत्रा दाबून केल्यामुळे ते आतून उंचवटा आणि बाहेरून खाच असे दिसतात. काही रेंडरमध्ये ते आतून चिकटवल्यासारखे असतात आणि बाहेरची भिंत गुळगुळीतच राहते. मग ते भांडं पत्र्याचं वाटत नाही.

पाती: आरसा नको, फिरवणी हवी

या चित्रात सर्वांत जास्त चुकणारा भाग पाती. झाकण पारदर्शक असलं किंवा भांडं वरून दाखवलं की ती थेट नजरेत येतात.

वाटणाच्या भांड्यात बहुधा चार फाट्यांची पाती असतात. एकमेकांवर आडव्या ठेवलेल्या दोन पट्ट्या, मध्ये एक नट. एका पट्टीची टोकं वर वळलेली, दुसरीची तळाकडे झुकलेली. खालची टोकं तळाशी बसलेला जिन्नस उचलतात, वरची टोकं वरून येणारा कापतात. चारही फाटे एकाच पातळीत काढले तर ते पंख्याच्या पात्यांसारखे दिसतात. अशा पात्यांखाली तळाला चटणीचा थर तसाच राहिला असता, हे मिक्सर वापरणाऱ्याला सांगावं लागत नाही.

धारेची गोष्ट जास्त नाजूक आहे. पट्टीच्या दोन कडांपैकी फिरताना पुढे येणारी कड घासून धारदार केलेली असते. आता एक फाटा घडवला आणि समोरचा फाटा आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटवून तयार केला, तर काय होईल ते पाहा. समजा, पाती वरून पाहताना घड्याळाच्या दिशेनं फिरतात. उजव्या फाट्याची पुढे जाणारी कड खालच्या, म्हणजे आपल्या बाजूची. डाव्या फाट्याची पुढे जाणारी कड वरची. आरसा मात्र डाव्या फाट्यालाही धार खालच्याच कडेला देतो. एक फाटा धारेनं कापतो आणि दुसरा बोथट पाठीनं आपटतो. अशी पाती कुठल्याही कारखान्यात बनत नाहीत, पण रेंडरमध्ये वारंवार दिसतात, कारण सॉफ्टवेअरमध्ये मिरर मॉडिफायर हाताशी असतो आणि मॉडेलचे बाकी भाग त्यानं झटपट होतात. पात्यांसाठी फाट्याची प्रत अक्षाभोवती 180 अंशांत फिरवायची. धार मग आपोआप योग्य कडेला येते. फिरण्याची दिशा मात्र समोरच्या खऱ्या पात्यांची धार पाहूनच ठरवावी, मनानं नाही.

पात्यांच्या टोकापासून भिंतीपर्यंतचं अंतरही मोजून घ्यायचं. आपल्या नमुन्यात टोकापासून टोकापर्यंत 70 मिलिमीटर भरतात आणि तळाचा व्यास 105 मिलिमीटर आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना साडेसतरा मिलिमीटर मोकळे राहतात. भांडं रिकामं असताना अशा मिक्सरची मोटर मिनिटाला 18,000 च्या आसपास फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 300. त्या वेगात पात्याचं टोक सेकंदाला सुमारे 66 मीटर, म्हणजे ताशी 235 किलोमीटरहून अधिक वेगानं जातं. टोक भिंतीला चिकटलेलं दाखवणारं चित्र म्हणजे सुरू करताच फुटणाऱ्या यंत्राचं चित्र. याच वेगामुळे आणखी एक गोष्ट ठरते. मिक्सर चालू दाखवायचा असेल तर पाती दिसायलाच नकोत. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा शंभरावा भाग उघडी राहिली, तरी तेवढ्यात पाती तीन पूर्ण फेरे घेतात. तिथे फक्त एक धूसर चकती दिसेल. स्पष्ट चार फाटे आणि भोवती उडणारा टोमॅटोचा रस ही जोडी खऱ्या मिक्सरमध्ये एकत्र येत नाही.

पाती मोकळी फिरतात का, हे पाहण्याची सोपी चाचणी आहे. मॉडेलमधली पाती अक्षाभोवती पूर्ण 360 अंश फिरवायची आणि कुठे भिंतीत, तळात किंवा नटात घुसतात का ते पाहायचं. नट आणि दट्ट्या पात्यांच्या अगदी मध्यावर नसतील, तर या फेरीत ते लगेच डोलताना दिसतात.

बटण: पाच जागा, पण चित्रात चारच

पुढचं फिरवायचं बटण दिसायला सगळ्यात साधं. पण वापरणाऱ्याचा हात रोज त्यावर पडतो, म्हणून त्यातली चूक पटकन सापडते. आपल्या नमुन्यात बटणाला पाच जागा आहेत. मध्ये 0, उजवीकडे 1, 2, 3 आणि डावीकडे पल्स. 1, 2, 3 या ठरलेल्या जागा असतात. बटण खट्कन एकीवरून दुसरीवर जातं आणि 1 व 2 च्या मध्ये थांबत नाही. म्हणून बटणावरची खूण नेमकी कुठल्या तरी आकड्यासमोर असायला हवी. खऱ्या बटणावर शून्यापासून प्रत्येक आकड्यापर्यंतचा कोन मोजावा आणि मॉडेलमध्ये बटण तेवढंच फिरवावं. आकडे मात्र बटणावर आहेत की भोवतालच्या अंगावर, हे आधी पाहावं. आकडे अंगावर छापलेले असतील तर बटण फिरवल्यावर ते जागचे हलता कामा नयेत. दोन्ही एकाच वस्तूत जोडले, तर बटणाबरोबर आकडेही तिरके होतात.

पल्सची जागा वेगळी आहे. बटण तिकडे दाबून धरावं लागतं, हात सोडला की स्प्रिंग ते शून्यावर परत आणते. त्यामुळे चित्रात हात नसेल तर बटण पल्सवर असूच शकत नाही. आणि भांडं बाजूला काढून ठेवलेलं असेल किंवा प्लग मोकळा दिसत असेल, तर बटण शून्यावरच शोभतं. माहितीपुस्तिकेच्या चित्रात तर हे काटेकोरपणे पाळलंच पाहिजे, कारण भांडं काढताना बटण शून्यावर आणायची सवय त्या चित्रातूनच लागायची आहे.

बटण अंगात रुतून बसल्यासारखं दिसलं तर ते छापलेलं वाटतं. ते फिरायचं म्हणजे भोवती फट हवी. अर्धा ते एक मिलिमीटरची फट ठेवली की तिथे सावलीची बारीक गोल रेघ पडते आणि बटण वेगळा भाग आहे हे कळतं. त्याची बाजूही अगदी सरळ उभी नसते. साच्यातून निघताना अडकू नये म्हणून प्लॅस्टिकच्या भागांना एखाद-दोन अंशांचा उतार देतात. हा उतार वेगळा दिसत नाही, पण त्याच्याशिवाय बटण पत्ता कापून केल्यासारखं कोरडं वाटतं. हीच गोष्ट कडांची. खऱ्या वस्तूची कुठलीही कड गणितातल्या रेषेइतकी तीक्ष्ण नसते. प्रत्येक कडेला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास गोलाई द्यावी. ब्लेंडरमध्ये त्यासाठी बेव्हल मॉडिफायर आहे. या गोलाईवर उजेड पकडला जातो, आणि साच्यात ओतलेलं प्लॅस्टिक ओळखू येतं ते त्या बारीक उजळ कडेवरून.

वायर: वजन असलेली रेषा

वायर सहसा शेवटी, घाईघाईत काढली जाते. वक्ररेषा ओढायची, तिला जाडी द्यायची, काम संपलं. पण वायरला वजन असतं, ताठरपणा असतो आणि गुंडाळून ठेवल्याची सवयही असते.

तीन तारांच्या गोल वायरची जाडी आपल्या नमुन्यात 7 मिलिमीटर आहे. ब्लेंडरमध्ये वक्ररेषेला जाडी देताना बेव्हल डेप्थच्या खान्यात त्रिज्या भरायची असते, म्हणून 3.5 लिहायचं. 7 लिहिलं तर वायर दुप्पट जाड होते आणि पाण्याच्या पाइपसारखी दिसते. ओट्यावर पडलेल्या वायरची मधली रेषाही ओट्यापासून 3.5 मिलिमीटरच वर हवी. ती शून्यावर ठेवली तर अर्धी वायर ओट्यात बुडते. वर राहिली तर सावली वायरपासून सुटते, आणि तरंगणारी वस्तू डोळा सावलीवरूनच ओळखतो. वळणं घट्ट असू नयेत. एवढ्या जाड पीव्हीसी वायरला बोटभर जागेत टोकदार वळण पडत नाही. वळणाची त्रिज्या तीन-चार सेंटिमीटर ठेवली की ती स्वाभाविक वाटते. अगदी सपाट पडलेली वायरही खरी नसते. खोक्यातून काढलेली वायर घड्यांच्या जागी किंचित उचललेली राहते.

वायर मिक्सरच्या मागून, खालच्या बाजूनं बाहेर येते. तिथे रबराची खाचांची बाही असते. वायर ओढली गेली तर ताण आतल्या जोडणीवर येऊ नये आणि तोंडाशी ती मोडू नये म्हणून ती दिलेली असते. बाहीतून निघाल्यावर पहिले काही सेंटिमीटर वायर सरळ जाते आणि मग वजनानं खाली झुकते. थेट भोकातून निघून लगेच वळलेली वायर त्यामुळे खोटी दिसते.

दुसऱ्या टोकाला प्लग. आपला नमुना 750 वॉटचा आहे. 750 ला 230 व्होल्टनं भागलं की 3.3 अँपिअरच्या आसपास प्रवाह येतो. म्हणजे त्याला 6 अँपिअरचा प्लग पुरतो. फ्रिज किंवा गिझरचा मोठा 16 अँपिअरचा प्लग इथे जोडला तर ते चूक ठरेल. परदेशी मॉडेलांच्या संग्रहातून उचललेला चपट्या पिनांचा प्लग तर आपल्या भिंतीवरच्या सॉकेटात जाणारच नाही. आपल्याकडच्या तीन पिनांच्या 6 अँपिअर प्लगमध्ये खालच्या दोन पिना सुमारे 5 मिलिमीटर जाड आणि 15 मिलिमीटर लांब असतात, एकमेकींपासून 19 मिलिमीटरवर. वरची अर्थिंगची पिन 7 मिलिमीटर जाड आणि जवळजवळ 21 मिलिमीटर लांब असते. ती मुद्दाम लांब ठेवलेली आहे, कारण प्लग खुपसताना अर्थिंग सर्वांत आधी जोडलं जावं आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावं. तिन्ही पिना सारख्या लांबीच्या काढल्या, तर ही सुरक्षितता चित्रातून गायब होते.

मग चकाकी

रचना पक्की झाली की साहित्याकडे वळायचं. या क्रमानं गेलं तर काम सोपं होतं. स्टीलला स्वतःचा असा रंग फारसा नसतो. ते भोवतालचंच दाखवतं. म्हणून रिकाम्या पांढऱ्या जगात ठेवलेलं स्टीलचं भांडं पांढऱ्या प्लॅस्टिकसारखं दिसतं, आणि पुष्कळ लोक मग स्टीलच्या रंगाशी झगडत बसतात. उपाय दिव्यांत आहे. भांड्याच्या दोन्ही बाजूंना उभे, लांबट दिवे ठेवायचे आणि त्यांच्या पलीकडे काळे पडदे. दिव्यांची प्रतिबिंबं उभ्या उजळ पट्ट्यांसारखी पडतात, काळ्या पडद्यांमुळे कडा गडद होतात आणि भांड्याची गोलाई दिसते. स्टुडिओत खऱ्या भांड्याचा फोटो काढणारेही हेच करतात.

भांडं घडवताना आणि घासताना त्यावर गोल फिरणाऱ्या सूक्ष्म रेघा पडतात. त्या रेघांमुळे चकाकी सर्व दिशांना सारखी पसरत नाही, रेघांना आडवी ताणली जाते. भांड्याच्या आतल्या तळावर उजेडाचे दोन निमुळते पट्टे मध्यापासून काठाकडे पसरलेले दिसतात, ते यामुळेच. सॉफ्टवेअरमध्ये हा गुण अनायसोट्रॉपिक नावाच्या खान्यात मिळतो. तळ आणि भिंत यांच्यासाठी रेघांची दिशा अक्षाभोवती गोल ठेवली पाहिजे. ती सरळ आडवी राहिली तर तळावरचा पट्टा चुकीच्या दिशेनं पडतो.

पारदर्शक झाकणाची चूक निराळी असते. झाकणाला फक्त वरचा पृष्ठभाग दिला आणि जाडी दिलीच नाही, तर संगणक समजतो की किरण आत शिरला तो बाहेर पडलाच नाही. मग झाकण भरीव काचेच्या गोळ्यासारखं दिसतं आणि खालची पाती वाकडी होतात. झाकणाला दोन मिलिमीटरच्या आसपास जाडी द्यायची, म्हणजे किरण एका पृष्ठभागानं शिरेल आणि दुसऱ्यानं निघेल. पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक 1.58 च्या जवळ असतो, तो आकडा भरायचा. कडेला बसणारं रबरी वायसर वेगळं घडवावं. ते झाकण आणि स्टील यांच्यामध्ये किंचित दबलेलं दिसायला हवं.

शेवटी संगणक हिशेब करताना चित्रात बारीक दाणे राहतात आणि ते पुसायला डिनॉइझर वापरतात. हे साधन घाईनं वापरलं की ते दाण्यांबरोबर स्टीलवरच्या सूक्ष्म रेघा आणि बटणाभोवतीचे छापील आकडेही पुसट करतं. चित्र मोठं करून 1, 2, 3 हे आकडे पाहावेत. त्यांच्या कडा वितळल्यासारख्या दिसल्या तर डिनॉइझरवर कमी विसंबून किरणांची संख्या वाढवावी.

हातात देण्याआधी

रंग आणि चकाकी चुका झाकतात. म्हणून अंतिम रेंडरच्या आधी सगळ्या भागांना एकच मातकट करडा रंग देऊन एक चित्र काढावं. त्यात फक्त आकार आणि सावल्या उरतात. बैठक आपल्या रबरी पायांवर उभी आहे आणि खाली सावलीची पातळ फट आहे का, बटणाभोवती रेघ दिसते का, वायर ओट्याला टेकली आहे का, हे सगळं या करड्या चित्रात लगेच कळतं. मग खऱ्या मिक्सरचा फोटो ज्या अंतरावरून आणि ज्या लेन्सनं काढला, तीच लेन्स आणि तेच अंतर आभासी कॅमेऱ्याला देऊन दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवावीत. बाह्यरेषा जुळल्या की माप बरोबर आहे असं समजावं.

अर्थात बाह्यरेषा जुळल्या तरी मिक्सर चालेल असा झाला आहे, हे वेगळं तपासावं लागतं. त्यासाठी मॉडेलला कामाला लावायचं. चटणीचं भांडं बैठकीवर ठेवून कान खाचांत बसतात का पाहायचं. पाती एक फेरा फिरवायची. बटण शून्यापासून तीनपर्यंत न्यायचं आणि प्रत्येक आकड्यासमोर खूण थांबते का बघायचं. प्लगशेजारी 6 अँपिअरचं सॉकेट काढून पिना त्यात जातात का तपासायचं. यातली एकही गोष्ट शेवटच्या चित्रात वेगळी दिसणार नाही. पण ज्यांनी वर्षानुवर्षं रोज सकाळी त्या बैठकीवर भांडं बसवलंय, त्यांच्या नजरेला ती बरोबर जाणवते. रेंडर किती चालतो याचा अंतिम निकाल त्यांचाच असतो, कारण मिक्सर विकत घेणार आहेत ते तेच.